सदस्यत्वाची वर्गणी नाही भरली, तर प्रमाणपत्र राहतं का?

'तुमचं सदस्यत्व ३० दिवसांत संपत आहे' असा मेल आला की नव्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा येतो. परीक्षा देऊन मिळवलेला तो कागद या वर्गणीवर टिकून आहे का? मेल वाचून हे बहुतेक वेळा कळत नाही. व्यावसायिक संस्थांचे स्मरण-मेल सदस्यत्वाचे फायदे सांगतात, सवलती सांगतात, पण 'पैसे नाही भरले तरी तुमचं प्रमाणपत्र चालू राहील' हे वाक्य त्यात क्वचितच असतं. आणि जिथे प्रमाणपत्र खरोखर जाणार असतं, तिथेही ती ओळ खाली बारीक अक्षरांत असते. त्यामुळे काही जण घाबरून वर्षानुवर्षं गरज नसलेली वर्गणी भरत राहतात, तर काही जण 'सदस्यत्व ऐच्छिक असतं' असं कुणाकडून तरी ऐकून थांबतात आणि आपलं पद वापरण्याचा हक्क गमावतात. दुसरं नुकसान मोठं, कारण ते बरेचदा खूप उशिरा लक्षात येतं.

हा लेख व्यवसायात नव्याने आलेल्यांसाठी आहे. वर्गणी भरायची की नाही हे ठरवण्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने तपासायचं आणि मुदत आधीच उलटली असेल तर काय करायचं, एवढाच त्याचा विषय.

पहिली पायरी: कोणते पैसे कशाचे, ते वेगळं करा

संस्थेकडून येणारं बिल एकच दिसलं तरी त्यात वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे असू शकतात. सदस्यत्वाची वार्षिक वर्गणी ही एक. प्रमाणपत्र चालू ठेवण्याचं शुल्क ही दुसरी. ते कुठे दर वर्षी भरावं लागतं, कुठे दोन-तीन वर्षांनी. तिसरी गोष्ट म्हणजे व्यवसाय करण्याचा परवाना किंवा नोंदणी यांचं नूतनीकरण. या तिन्हींच्या तारखा वेगळ्या असू शकतात आणि न भरल्याचे परिणामही वेगळे असतात.

संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जा आणि मागच्या वर्षीची पावती उघडा. पावतीवर ओळी किती आहेत ते पाहा. 'मेंबरशिप ड्यूज' अशी एक ओळ, 'सर्टिफिकेशन मेंटेनन्स' अशी दुसरी आणि स्थानिक शाखेची तिसरी असेल, तर तुमचं अर्धं काम झालं. स्थानिक शाखेची वर्गणी अनेक ठिकाणी ऐच्छिक असते, पण ऑनलाइन फॉर्ममध्ये ती आधीच निवडलेली असू शकते. तिचा प्रमाणपत्राशी सहसा काही संबंध नसतो.

पावतीवर एकच ओळ असेल तर मात्र काही गृहीत धरू नका. एक ओळ म्हणजे एकतर फक्त सदस्यत्वाचे पैसे, किंवा सदस्यत्व आणि प्रमाणपत्र दोन्ही एकत्र. यातलं कोणतं, हे पुढच्या पायऱ्यांत कळतं.

दुसरी पायरी: कागद कोणी दिला ते पाहा

प्रमाणपत्रावर किंवा परवान्यावर सगळ्यात वर कोणाचं नाव आहे? ज्या संस्थेला तुम्ही वर्गणी देता तिचंच, की कायद्याने नेमलेल्या एखाद्या मंडळाचं?

परवाना मंडळाचा असेल आणि वर्गणी संघटनेची असेल, तर संघटना सोडल्याने परवाना जात नाही. अमेरिकेतल्या लेखापालांचं उदाहरण घ्या. तिथे सीपीएचा परवाना प्रत्येक राज्याचं मंडळ देतं. एआयसीपीए ही त्या व्यवसायाची मोठी राष्ट्रीय संघटना आहे, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. तिची वर्गणी थांबवली तरी राज्याच्या मंडळाकडचा परवाना तसाच राहतो. आणि उलट, मंडळाचं नूतनीकरण चुकलं तर संघटनेचं सदस्यत्व परवाना वाचवू शकत नाही.

नावावरून अंदाज मात्र बांधू नका. वकिलांच्या बाबतीत अमेरिकेतच दोन्ही टोकं दिसतात. अमेरिकन बार असोसिएशन ही ऐच्छिक संघटना आहे. तिची वर्गणी नाही भरली तर वकिली करण्याचा हक्क शाबूत राहतो. पण कॅलिफोर्नियात वकिली करायची तर स्टेट बार ऑफ कॅलिफोर्नियाची वार्षिक फी भरावीच लागते, आणि ती थकली तर वकिलाला वकिली करण्यापासून निलंबित करता येतं. दोन्ही नावांत 'बार' आहे, दोन्हीकडून दर वर्षी बिल येतं. फरक एवढाच की एकीच्या हातात परवाना आहे आणि दुसरीच्या हातात नाही.

आपल्याकडच्या चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था, आयसीएआय, कॅलिफोर्नियाच्या प्रकारात मोडते. १९४९ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि सदस्यांची नोंदवही तीच ठेवते. तिथे सदस्यत्वाची फी वेगळी आणि व्यवसाय करण्याच्या प्रमाणपत्राची फी वेगळी असते. फी थकली तर नोंदवहीतून नाव काढण्याची तरतूद कायद्यातच आहे. नाव निघालं की ते परत घालून घेईपर्यंत स्वतःला चार्टर्ड अकाउंटंट म्हणवून घेऊन व्यवसाय करता येत नाही. अशा संस्थेच्या बाबतीत 'वर्गणी' हा शब्दच फसवा आहे, कारण तुम्ही जे भरता ते प्रत्यक्षात परवान्याचं नूतनीकरण असतं.

तिसरी पायरी: गाठ किती घट्ट आहे ते ओळखा

कागद आणि वर्गणी एकाच संस्थेची असेल, तर दोन्ही किती घट्ट बांधलेले आहेत हे पाहावं लागतं. माझ्या मते नवा माणूस इथेच सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून इथे थोडं थांबू.

सगळ्यात सैल प्रकारात प्रमाणपत्र एकदा मिळालं की मिळालं. स्क्रम या कामाच्या पद्धतीसाठी स्क्रम डॉट ऑर्ग ही संस्था देते ते पीएसएम प्रमाणपत्र असं आहे. त्याला मुदत नाही आणि नूतनीकरणाचं शुल्कही नाही. त्याच विषयातलं स्क्रम अलायन्सचं सीएसएम मात्र दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं, त्यासाठी शिक्षणाचे तास दाखवावे लागतात आणि शुल्कही भरावं लागतं. भरती करणाऱ्यांच्या बोलण्यात ही दोन्ही नावं एका दमात येतात, म्हणून सहकाऱ्याचा अनुभव तुमच्या प्रमाणपत्राला लागू पडेलच असं नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रमाणपत्र जपावं लागतं, पण सदस्यत्व ऐच्छिक असतं. पीएमआय या संस्थेचं प्रकल्प व्यवस्थापनातलं पीएमपी प्रमाणपत्र याचं चांगलं उदाहरण आहे. पीएमपी मिळवायला किंवा टिकवायला पीएमआयचं सदस्य असावं लागत नाही. दर तीन वर्षांनी ठरलेले शिक्षणाचे तास दाखवायचे आणि नूतनीकरणाचं शुल्क भरायचं, एवढीच अट. सदस्यांना ते शुल्क कमी भरावं लागतं. माहितीप्रणालींच्या लेखापरीक्षणातलं आयसाकाचं सीआयएसए हेही याच घरातलं, पण तिथे प्रमाणपत्राचं शुल्क दर वर्षी भरायचं असतं. सदस्यत्व सोडलं तर प्रमाणपत्र राहतं, शुल्क मात्र बिगरसदस्याच्या दराने लागतं. या वार्षिक शुल्कालाच वर्गणी समजून ते थांबवलं, तर मात्र प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय वर्षाला किमान २० आणि तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण नोंदवावं लागतं, ते वेगळंच.

तिसऱ्या प्रकारात दोन्ही एकच असतात. माहिती-सुरक्षेतलं सीआयएसएसपी प्रमाणपत्र देणाऱ्या आयएससी-टू या संस्थेत प्रमाणपत्रधारक हाच सदस्य असतो. तिथे सदस्यत्वाचं वेगळं बिल नसतं. वार्षिक देखभाल शुल्क एकच, आणि प्रमाणपत्रं एकाहून जास्त असली तरी ते एकदाच भरायचं असतं. ते भरलं नाही तर तुम्ही सदस्य राहत नाही आणि प्रमाणपत्रही चालू राहत नाही. पावतीवर एकच ओळ दिसली तर काही गृहीत धरू नका, असं वर म्हटलं ते अशा संस्थांसाठीच.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारा आहे. इथे परीक्षा पास झाल्याची नोंद तुमच्याकडे कायम राहते, पण पदनाम वापरण्याचा हक्क सदस्यत्वाबरोबर जातो. गुंतवणूक क्षेत्रातल्या सीएफए इन्स्टिट्यूटचा नियम असा आहे. तिन्ही पातळ्या पास होऊन, अनुभवाची अट पूर्ण करून चार्टर मिळालेल्या माणसालाही दर वर्षी वर्गणी भरावी लागते आणि व्यावसायिक आचरणाचं निवेदन भरून द्यावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी तो सक्रिय सदस्य राहत नाही आणि नावापुढे 'सीएफए' लावू शकत नाही. तिन्ही पातळ्या पास झालो हे तो सांगू शकतो, कारण ते खरंच आहे. पूर्वी अमुक ते अमुक वर्षं सदस्य होतो, हेही सांगू शकतो. पण व्हिजिटिंग कार्डावर, ईमेलच्या सहीत, अहवालाच्या मुखपृष्ठावर ती तीन अक्षरं राहिली तर तो आचारसंहितेचा भंग ठरतो.

ब्रिटनमधल्या चार्टर्ड इंजिनिअर या पदाची रचनाही अशीच आहे, फक्त त्यात संस्था दोन आहेत. नोंदवही इंजिनिअरिंग कौन्सिल ठेवते, पण तिथे नोंद टिकवायची तर कौन्सिलने मान्यता दिलेल्या एखाद्या अभियंता-संस्थेचं सदस्य असावंच लागतं. संस्थेची वर्गणी थांबली की नोंद जाते आणि पदही जातं. यातून एक उपयोगी वाट निघते. आपली संस्था महाग वाटत असेल किंवा कामाचं क्षेत्र बदललं असेल, तर दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत जाऊन नोंद तिकडे हलवता येते. मात्र क्रम सांभाळावा लागतो: आधी नवीकडे प्रवेश आणि नोंद हलवल्याची लेखी खात्री, मगच जुनीचा राजीनामा.

चौथी पायरी: नियम कुठे वाचायचा

आपलं प्रमाणपत्र कोणत्या प्रकारात येतं हे शोधायला सदस्यत्वाचं पान वाचून फारसं हाती लागत नाही. परीक्षेच्या अर्जाबरोबर मिळालेली प्रमाणपत्राची पुस्तिका काढा. बहुतेक संस्था तिला 'हँडबुक' म्हणतात. त्यात नूतनीकरणाचं प्रकरण असतं. त्याच्या जोडीला संस्थेची उपविधी आणि आचारसंहिता पाहा. पदनाम कधी वापरता येतं, हे बहुधा आचारसंहितेत असतं.

वाचताना चार गोष्टी शोधा. प्रमाणपत्र चालू राहण्याच्या अटींत 'सदस्य असणे' असे शब्द आहेत का? पैसे थकल्यावर सवलतीची मुदत किती? त्या मुदतीनंतर स्थिती कोणती होते, निलंबित की रद्द? आणि परत यायचं असेल तर फक्त थकबाकी आणि दंड पुरतो, की परीक्षा पुन्हा द्यावी लागते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे. चुकलेली वर्गणी पैशाने भरून निघते. परीक्षा पुन्हा द्यायची म्हणजे कित्येक महिन्यांचा अभ्यास, आणि मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला असेल तर तो नव्याने.

'निलंबित' आणि 'रद्द' हे शब्द वाचताना सावध राहा. निलंबित असताना संस्था तुम्हाला परत यायची वाट मोकळी ठेवते, पण पद वापरू देत नाही. रद्द झालं की ती वाट बहुतेक ठिकाणी बंद होते. 'इनॅक्टिव्ह' या शब्दाचा अर्थ मात्र संस्थेप्रमाणे बदलतो. काही ठिकाणी तो मान्य केलेला विराम असतो, काही ठिकाणी थकबाकीदारांसाठीचं सौम्य नाव. तो दिसला तर त्याची व्याख्या शोधा, आणि सापडली नाही तर संस्थेला विचारा.

विचारायचं ते लेखी. फोनवरचा माणूस चांगल्या मनाने चुकीचं सांगू शकतो, आणि पुढे वाद झाला तर फोनवरचं बोलणं दाखवता येत नाही. मेल लहान आणि नेमका असू द्या. साधारण असा:

'माझा सदस्य क्रमांक अमुक, प्रमाणपत्र क्रमांक अमुक. माझं सदस्यत्व अमुक तारखेला संपतं. ते मी नवं केलं नाही, पण प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाच्या बाकी सगळ्या अटी पूर्ण केल्या, तर प्रमाणपत्राची स्थिती त्या तारखेनंतर काय राहील? पदनाम वापरण्याचा हक्क राहील का? कृपया संबंधित नियमाचा क्रमांक कळवावा.'

नियमाचा क्रमांक मागितला की उत्तर देणाऱ्याला नियम उघडून पाहावा लागतो. आलेलं उत्तर जपून ठेवा.

एक उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

एका प्रकल्प व्यवस्थापकाने १० मार्च २०२३ रोजी पीएमपी मिळवलं असं समजू. परीक्षेच्या शुल्कात सवलत मिळावी म्हणून तो त्याआधी महिनाभर पीएमआयचा सदस्य झाला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सदस्यत्व संपल्याचा मेल आला आणि त्याने ते नवं केलं नाही. त्या दिवशी त्याच्या पीएमपीला काहीही झालं नाही. त्याचं चक्र तीन वर्षांचं, म्हणजे ९ मार्च २०२६ पर्यंतचं होतं, आणि सदस्यत्व गेल्याने ती तारीख हलत नाही.

मग बदललं काय? दोन गोष्टी. नूतनीकरणाचं शुल्क सदस्याला ६० डॉलर आणि बिगरसदस्याला १५० डॉलर असं राहिलं आहे, म्हणजे तीन वर्षांतून एकदा ९० डॉलर जास्त. वर्षाची वर्गणी या ९० डॉलरपेक्षा जास्त असते, त्यामुळे फक्त या सवलतीसाठी तिन्ही वर्षं सदस्य राहणं परवडत नाही. अनेक जण हा हिशेब करून थांबतात, आणि तो हिशेब बरोबरच आहे.

दुसरा बदल मात्र हळूहळू जाणवतो. पीएमपी टिकवायला तीन वर्षांत ६० पीडीयू लागतात. एक तास शिकणं म्हणजे साधारण एक पीडीयू. त्यांतले किमान ३५ शिक्षणाचे हवेत, आणि ते संस्थेने आखलेल्या तिन्ही कौशल्य-विभागांत वाटलेले असावे लागतात. उरलेले जास्तीत जास्त २५ व्यवसायाला काही परत दिल्याबद्दल मिळतात: शिकवणं, लिहिणं, स्वयंसेवा, वगैरे. रोजच्या नोकरीच्या कामाबद्दलचे पीडीयू याच २५ मध्ये धरतात, तेही फक्त ८. सदस्य असताना संस्थेचे बरेच वेबिनार फुकट पाहता येतात आणि त्यांच्या नोंदीची सोयही असते. सदस्यत्व गेल्यावर हे तास बाहेरून शोधावे लागतात आणि नोंद हाताने करावी लागते. म्हणजे वर्गणी थांबल्यामुळे प्रमाणपत्र गेलं नाही, पण ते ज्या तासांवर टिकतं त्यांचा सोपा स्रोत गेला.

आपल्या या व्यवस्थापकाचं तेच झालं. ९ मार्च २०२६ आला तेव्हा त्याच्याकडे ३८ पीडीयू होते: २५ परत देण्याचे आणि फक्त १३ शिक्षणाचे. प्रमाणपत्र निलंबित झालं. इथे तो म्हणेल, सदस्यत्व सोडलं म्हणून प्रमाणपत्र गेलं. कारण ते नाही. कारण आहे शिक्षणाचे कमी पडलेले २२ तास, आणि ते सदस्य राहूनही कमी पडू शकले असते.

निलंबनाचा काळ एक वर्षाचा असतो. त्याच्यासाठी तो ९ मार्च २०२७ ला संपतो. या वर्षात त्याने स्वतःला पीएमपी म्हणवून घ्यायचं नाही. ईमेलची सही, ऑनलाइन प्रोफाइल, कंपनीच्या प्रस्तावांत जोडलेला परिचय, सगळीकडून ती अक्षरं काढायची. नोव्हेंबर २०२६ पर्यंत त्याने २२ तास पूर्ण केले, १५० डॉलर भरले आणि प्रमाणपत्र पुन्हा चालू झालं.

पण इथे एक बारीक नियम आहे. निलंबनातून परत आलं तरी पुढच्या चक्राची तारीख पुढे सरकत नाही. नवं चक्र ९ मार्च २०२६ नंतर लगेच सुरू झालेलं धरतात, म्हणून ते ९ मार्च २०२९ लाच संपेल. पुढच्या ६० पीडीयूंसाठी त्याला पूर्ण ३६ महिने मिळत नाहीत, सुमारे २८ मिळतात. २२ तास त्याने फेब्रुवारी २०२७ पर्यंत लांबवले असते, तर जवळपास २५ महिनेच हातात उरले असते. आणि मार्च २०२७ उलटला असता, तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा परीक्षा.

याच्या उलट टोकही आहे. चक्राच्या शेवटच्या वर्षात ६० पेक्षा जास्त पीडीयू जमले, तर त्या वर्षातले २० पर्यंत पुढच्या चक्रात नेता येतात. सदस्यत्व सोडायचं ठरवलंच असेल, तर ते असेपर्यंत फुकटचे वेबिनार चक्राच्या तिसऱ्या वर्षात पाहून घेणं शहाणपणाचं. पहिल्या दोन वर्षांतला जास्तीचा साठा पुढे नेता येत नाही.

वर्गणीबाहेरच्या गाठी

प्रमाणपत्र आणि परवाना दोन्ही सुरक्षित आहेत असं कळल्यावरही आणखी दोन ठिकाणी पाहायला हवं. एक म्हणजे विमा. व्यावसायिक चुकीबद्दलची जबाबदारी भरून देणारा विमा अनेकांनी संघटनेच्या सामूहिक योजनेतून घेतलेला असतो. त्या पॉलिसीत 'सदस्य असेपर्यंत' अशी अट असू शकते. तिथे परवाना वैध, काम वैध, पण विम्याचं छत्र नाही अशी अवस्था येते, आणि ती दावा आल्यावरच उघड होते. पॉलिसीतली पात्रतेची अट वाचून मगच सदस्यत्व सोडा. दुसऱ्या विमा कंपनीकडे जाणार असाल, तर जुन्या कामाबद्दलचे दावे नव्या पॉलिसीत धरले जातात का, तेही लेखी विचारा.

दुसरं ठिकाण म्हणजे तुमचा नोकरीचा करार किंवा निविदेची अट. 'अमुक प्रमाणपत्रधारक' आणि 'अमुक संस्थेचा सदस्य' या दोन वेगळ्या अटी आहेत. करारात दुसरी असेल, तर संस्थेच्या लेखी ऐच्छिक असलेलं सदस्यत्व तुमच्यासाठी बंधनकारक होतं. अशा वेळी वर्गणी कंपनीने भरावी, असं मागणं पूर्णपणे रास्त आहे.

मुदत आधीच उलटली असेल तर

घाबरून लगेच ऑनलाइन पैसे भरू नका. आधी खात्यात जाऊन स्थिती काय दिसते ते पाहा आणि त्या पानाचं छायाचित्र घेऊन ठेवा. सवलतीची मुदत चालू असेल तर साधं नूतनीकरण पुरतं. ती संपली असेल, तर काही संस्थांमध्ये 'नवा सदस्य' आणि 'पुनःस्थापना' असे दोन वेगळे फॉर्म असतात. घाईत नवा सदस्य म्हणून पैसे भरले तर जुना क्रमांक, जुनी वरिष्ठता आणि कधी जुनं प्रमाणपत्रही त्या खात्याला जोडलेलं राहत नाही. म्हणून आधी विचारा, मग भरा.

पद वापरणं मात्र त्याच दिवशी थांबवा, उत्तर यायची वाट न पाहता. थकलेली वर्गणी ही हिशेबाची बाब आहे. नसलेलं पद लावणं ही शिस्तीची बाब होते, आणि परवान्याच्या व्यवसायांत तर कायद्याची. आधी केलेल्या कामाबद्दल काळजी नको. परवाना चालू असताना सही केलेला अहवाल नंतर परवाना थांबल्यामुळे अवैध होत नाही. प्रश्न येतो तो मधल्या काळात केलेल्या सह्यांचा. थकलेली फी भरून परवाना परत मिळाला, तरी तो मागच्या तारखेपासून धरतात की भरल्या दिवसापासून, हे प्रत्येक मंडळाच्या नियमावर अवलंबून असतं. त्या काळातल्या कामांची यादी काढून ठेवा आणि मंडळाला थेट विचारा. गप्प बसून पुढे जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

थांबायचंच असेल तर

काही जणांना खरोखर थांबायचं असतं: निवृत्ती, आजारपण, मुलं लहान असणं, क्षेत्र बदलणं. अशांनी वर्गणी नुसती थकू देऊ नये. निवृत्तांसाठी, काम तात्पुरतं थांबवलेल्यांसाठी किंवा उत्पन्न कमी झालेल्यांसाठी बऱ्याच संस्थांत वेगळी स्थिती किंवा कमी वर्गणी असते. पीएमआयमध्ये किमान दहा वर्षं सलग प्रमाणपत्र जपलेल्याला निवृत्त स्थिती मागता येते. आयसाकातही निवृत्तांसाठी आणि सध्या त्या क्षेत्रात काम न करणाऱ्यांसाठी स्वतंत्र स्थिती आहेत. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलमध्ये डॉक्टर नोंदणी ठेवून फक्त व्यवसायाचा परवाना परत करू शकतो. मग तो रुग्ण तपासू शकत नाही, पण नोंदवहीत त्याचं नाव राहतं. या सवलतींची एक सामाईक अट असते: अर्ज करताना तुमची स्थिती चालू असावी लागते. आधी थकबाकीदार होऊन मग विरामाचा अर्ज केला, तर बहुतेक ठिकाणी आधी थकबाकी भरायला सांगतात.

विराम नको, पूर्णच सोडायचं असेल, तर लेखी राजीनामा द्या आणि तो स्वीकारल्याचं उत्तर मागून घ्या. राजीनामा दिलेल्या माणसाच्या नोंदीत 'राजीनामा' असं लिहिलं जातं. वर्गणी थकू दिलेल्याच्या नोंदीत 'थकबाकीमुळे नाव काढले' असं. पुढे दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या मंडळाकडे नोंदणीचा अर्ज कराल, तेव्हा फॉर्ममध्ये 'तुमचं नाव कधी कोणत्या नोंदवहीतून काढलं गेलं आहे का?' असा प्रश्न असतो. राजीनामा दिला असेल तर त्या रकान्यात काय भरायचं, हे राजीनामा स्वीकारल्याच्या पत्रावरून सरळ दाखवता येतं. तुमच्याविरुद्ध एखादी तक्रार चालू असेल, तर संस्था निकाल लागेपर्यंत राजीनामा अडवून ठेवू शकते. त्या काळातली वर्गणीही भरावी लागू शकते, म्हणून राजीनामा मंजूर होईपर्यंत आलेलं बिल दुर्लक्षित करू नका.

राजीनाम्याचं पत्र पाठवण्याआधी खात्यातून प्रमाणपत्राची प्रत, गुणपत्रक, शिक्षणाच्या तासांची नोंद आणि सगळ्या पावत्या उतरवून घ्या. अनेक संस्थांत सदस्यत्व संपलं की लॉगिनही बंद होतं, आणि मग स्वतःचीच जुनी नोंद मिळवायला अर्ज करावा लागतो. बँकेच्या कार्डावर आपोआप नूतनीकरण चालू असेल, तर तेही लॉगिन असतानाच बंद करा.